आंब्याची बाटली करताना: मॉर्फ शॉटमधल्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्याकडे तेच काम येतं. हापूस आंबा हळूहळू आमरसाची बाटली होतो, एवढाच चार सेकंदांचा मॉर्फ शॉट. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत ज्याच्या घरी रस भरायची सोय आहे त्याला जाहिरातीत हाच शॉट हवा असतो. आधी तो कुणा भाच्याकडून फुकटात करून घेतात. मे लागला की भाच्याची फाइल माझ्याकडे येते. सोबत निरोप असतो, ‘दादा, जरा बघा ना, मधेच कायतरी विचित्र दिसतं.’

काय विचित्र दिसतं ते फाइल न उघडता सांगता येतं, कारण चुका त्याच तीन-चार असतात. मी आफ्टर इफेक्ट्समध्ये काम करतो, म्हणून बटणांची नावं त्यातली देतोय. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, चुका त्याच राहतील.

दोन शूट, दोन सूर्य

ही चूक संगणकावर दिसते, पण होते अंगणात. मीही केलेली आहे.

वेंगुर्ल्याला एका घराच्या खळ्यात फणसाच्या लाकडाचा पाट मांडून शूट होतं. सकाळी आठला आंबा घेतला. ऊन कोवळं, सावली पाटावर उजवीकडे लांब पडलेली, सगळं झकास. बाटलीची लेबलं छापखान्यातून यायची होती. ती आली दुपारी तीनला. मी म्हटलं, चालेल, आंबा आणि बाटलीच कापून घ्यायची आहे, सावलीचं नंतर बघू. बाटली शूट झाली तेव्हा ऊन पश्चिमेचं होतं आणि सावली डावीकडे.

घरी येऊन मॉर्फ केला. आंबा डावीकडून उजळत उजवीकडून उजळू लागला. उजेडाची बाजू बदलली की बघणाऱ्याला वस्तू बदलल्यासारखी वाटत नाही, ती जागच्या जागी फिरल्यासारखी वाटते. शिवाय सावल्या दोन. एक विरत होती, दुसरी उगवत होती, आणि मधली दहा-बारा फ्रेम पाटाच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी सावली. दोन दिवस रंग जुळवत बसलो. रंग जुळला, उजेडाची दिशा कशी जुळणार? शेवटी पुन्हा वेंगुर्ल्याला गेलो, आंबा आणि बाटली दहा मिनिटांच्या अंतराने घेतली, आणि पेट्रोलचे पैसे मागायची लाज वाटली म्हणून मागितले नाहीत.

तेव्हापासून दोन्ही वस्तू हातात आल्याशिवाय मी कॅमेरा उघडत नाही. ट्रायपॉड एकदा लावला की हलवायचा नाही. फोनवर शूट करत असाल तर एक्सपोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर बाटलीचं पांढरं लेबल समोर आलं की फोन सगळी फ्रेम काळवंडवतो. आणि शेवटी पाटावर काहीच न ठेवता रिकामा पाट पंधरा सेकंद घ्यायचा. ह्या रिकाम्या पाटाशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही, आणि भाचे नेमकं हेच विसरतात. कापलेला आंबा आणि कापलेली बाटली ह्याच रिकाम्या पाटावर बसवायची. सावली मी दोन्हींची टाकून देतो आणि एकच नवी बनवतो: एक काळा, मऊ कडांचा लांबट आकार. आंब्याचं रूप बदलेल त्याच फ्रेमांत त्याचंही बदलायचं.

आंबा ठेवायचा कसा, हाही शूटचाच प्रश्न. बहुतेक जण आडवा ठेवतात, कारण तो तसाच राहतो. बाटली मात्र उभी. मग देठाला झाकणापर्यंत पोचायला नव्वद अंशांचा गिरका घ्यावा लागतो आणि मधे सगळा चिखल होतो. आंबा देठ वर करून उभा करा. राहत नसेल तर खाली कापडाची लहान चुंबळ ठेवा. आंबा कापून घेतल्यावर ती दिसणारच नाही.

कुठला बिंदू कुठे जाणार, हे तुम्ही सांगायचं असतं

मॉर्फमध्ये दोन गोष्टी एकदम चालतात. आकार ओढला जातो आणि चित्र विरघळतं. विरघळवणं सोपं असतं, ओढण्यात घोळ होतो. १९९२ साली बायर आणि नीली ह्या दोन संगणक-ग्राफिक्सवाल्यांनी मॉर्फची एक पद्धत मांडली, त्यात दोन्ही चित्रांवर माणसानेच जोडीजोडीने रेषा आखायच्या होत्या: ही भुवई त्या भुवईकडे, हा जबडा त्या जबड्याकडे. आफ्टर इफेक्ट्समधला आकार ओढणारा इफेक्ट म्हणजे Reshape, तो वापरताना आजही तेच हाताने करावं लागतं. देठ झाकणाकडे जातो हे यंत्राला आपणहून ठाऊक नसतं.

आंब्याच्या लेयरवर दोन मास्क, म्हणजे कडेवरून आखलेल्या बंद रेषा लागतात, एक आंब्याच्या कडेचा आणि एक बाटलीच्या कडेचा. आंब्याचा मास्क Add वर ठेवायचा, म्हणजे तोच आंबा कापून देतो. बाटलीचा None वर, तो फक्त नकाशा आहे. Reshape मध्ये Source Mask ला आंबा, Destination Mask ला बाटली, आणि Percent 0 वरून 100. बाटलीच्या लेयरवर सगळं उलटं: स्रोत बाटली, मुक्काम आंबा, आणि Percent 100 वरून 0. म्हणजे बाटली सुरुवातीला आंब्याच्या आकारात कोंबलेली असते आणि हळूहळू आपल्या रूपात येते. कुठल्याही फ्रेमला थांबलात तरी दोन्ही लेयरची बाह्यरेषा एकच दिसली पाहिजे. दिसली नाही तर पुढे जाऊच नका.

आता जोड्या. भाच्याने आंब्याच्या मास्कला नऊ बिंदू दिलेले असतात, बाटलीला चाळीस, आणि जोडी म्हणून सॉफ्टवेअरने दिलेली पहिली एकच. तीही बहुतेक वेळा आंब्याच्या देठाला बाटलीच्या बुडाशी बांधणारी. मग मधल्या फ्रेमांत आंब्याची साल पिळलेल्या कपड्यासारखी गरगरते. मी आधी दोन्ही मास्कचा पहिला बिंदू वर मधोमध आणतो. तो बिंदू निवडून Set First Vertex. मग Alt दाबून कडेवर क्लिक करत सहा जोड्या वाढवतो: मानेच्या दोन बाजू, दोन खांदे, बुडाचे दोन कोपरे. आंब्याला खांदे कुठे असतात? हापूसला असतात, देठाच्या दोन्ही बाजूंना तो फुगतो तिथे. कोपरे मात्र नसतात, ते खालच्या गोलाईवर आपण ठरवायचे.

सहापेक्षा जास्त जोड्या मी क्वचितच घालतो. पंधरा-वीस घातल्या की शेजारचे बिंदू एकमेकांना ओढू लागतात आणि कड थरथरते. तपासायची माझी सवय अशी: आंब्याच्या जागी थोडा वेळ चौकड्यांचं चित्र ठेवायचं आणि Percent 50 वर थांबायचं. चौकटी ताणलेल्या दिसल्या तर ठीक. एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर कुठली तरी जोडी उलटी आहे.

Reshape मधल्या Elasticity ला, म्हणजे ओढ किती लवचिक हवी त्या सेटिंगला, हात लावायची घाई नको. बऱ्याच जणांना ती Liquid वर नेली की सगळं मऊसूत होईल असं वाटतं. होतं इतकंच की रेंडर रेंगाळतो. चुकीच्या जोड्या असतील तर त्या चुकीच्याच राहतात.

आंब्यातून पाट दिसणे

एका जत्रेत मोठ्या एलईडी पडद्यावर माझी जाहिरात लागली होती. बागायतदार काका शेजारी उभे. शॉट आला, आंबा बाटली होऊ लागला, आणि काका म्हणाले, ‘अरे, आंब्यातसून पाट दिसता मरे!’ खरंच दिसत होता. माझ्या लॅपटॉपवर मी ते पन्नास वेळा बघितलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

कारण साधं गणित आहे. मी आंब्याची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, 100 वरून 0 करत होतो आणि बाटलीची त्याच वेळी 0 वरून 100. मधोमध दोन्ही 50. वाटतं की अर्धं अधिक अर्धं म्हणजे पूर्ण. तसं होत नाही. खालची बाटली मागचा पाट निम्मा झाकते. उरलेल्या निम्म्यातलं निम्मं वरचा आंबा झाकतो. एकूण झाकलं पाऊण. पाव पाट आरपार दिसतो, आणि आपली वस्तू भूत होते.

उपाय म्हणजे खालच्या लेयरची ओपॅसिटी हलवायचीच नाही. बाटली खाली, कायम 100 वर. फक्त वरचा आंबा विरवायचा. दोघांची बाह्यरेषा एकच असल्यामुळे बाटली कडेने डोकावत नाही. तरी मी खबरदारी म्हणून बाटलीचा लेयर विरघळणं सुरू होतं त्याच फ्रेमला चालू करतो.

सगळं एकदम सुरू, सगळं एकदम बंद

आकार आणि रंग एकाच फ्रेमला सुरू होऊन एकाच फ्रेमला संपले की शॉट मॉर्फ न वाटता साधा डिझॉल्व्ह वाटतो. माझा हिशोब पंचवीस फ्रेमच्या सेकंदावर, शंभर फ्रेमचा असतो. पहिल्या तीस फ्रेम आंबा नुसता उभा. लोकांना आधी आंबा दिसू तर दे! आकार तिसाव्या फ्रेमला निघतो, सत्तराव्याला पोचतो, दोन्ही टोकांना ईझ लावून, म्हणजे हळू निघून हळू थांबत. विरघळणं मात्र बेचाळीसपासून अठ्ठावन्नपर्यंतच. म्हणजे आधी बारा फ्रेम आंब्याच्याच सालीची मान निघताना दिसते, पिवळी-केशरी, देठासकट. ह्या बारा फ्रेमांसाठीच तर सगळा खटाटोप. शेवटच्या तीस फ्रेम बाटली स्थिर, लेबल वाचण्यापुरती.

विरघळणंही सगळीकडे एकदम नको. ओपॅसिटीऐवजी आंब्याच्या लेयरवर Reshape च्या खाली Linear Wipe हा पुसत जाणारा इफेक्ट लावा, वरून खाली, आणि पुसण्याची कड मऊ करणारा Feather भरपूर ठेवा. आधी झाकण उमटतं, मग खांदे, शेवटी लेबल. Transition Completion चे आकडे डोळ्याने बघून टाका, कारण ते पूर्ण फ्रेमवर मोजतात, आंब्यावर नाही. निम्मा प्रवास तर आंब्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेतच होतो.

तपासायला बाटली आणि आंबा पूर्ण काळे करून दर पाचव्या फ्रेमला थांबतो. नुसत्या काळ्या आकारावरून ‘आता हा काहीतरी बनतोय’ हे कळलं तर रंगाला अर्थ.

बारीकसारीक

मधे पांढरा फ्लॅश किंवा ठिणग्या टाकून चुका झाकू नका. झाकायचंच असेल तर मॉर्फ कशाला, सरळ कट मारा.

मॉर्फ चालू असताना कॅमेरा झूम नको. काय हलतंय तेच कळत नाही.

रस बाटलीत गळ्यापर्यंत भरून शूट करा. वर दोन बोटं रिकामी काच राहिली तर तिथून मागचा पाट दिसतो, आणि तो दिसतो ओपॅसिटीमुळे नाही, काचेमुळे. देठाची अपारदर्शक साल काचेत विरू लागली की तिथे मानेला भोक पडल्यासारखं वाटतं. मागच्या वर्षी एकाने बाटली भरायला रस नाही म्हणून हळदीचं पाणी घातलं होतं. ते तासाभरात खाली बसलं.