क्लायंटच्या कामात एआय वापरायचंय? आधी करार वाचा, मग टूल उघडा

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, जास्त करून शेतीची यंत्रं, औषधं, घरगुती उपकरणं यांची माहितीपत्रकं आणि मॅन्युअल्स. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन-चार अनुवादकांनी एकच प्रश्न विचारला, की क्लायंटच्या पैसे देऊन दिलेल्या कामात एआय टूल वापरलं तर चालतं का आणि सांगायचं का. त्यामुळे एका खऱ्या कामात मी काय काय केलं ते क्रमाने लिहिते. काम होतं ठिबक सिंचनाच्या देखभालीची २४ पानी पुस्तिका, इंग्रजी मजकूर साधारण ६ हजार शब्द, क्लायंट म्हणजे एक एजन्सी आणि तिच्यामागे ठिबकचा माल बनवणारी कंपनी.

पहिली पायरी: रेट सांगायच्या आधी करार वाचा

आपल्याकडे बरेच जण आधी "हो करते" म्हणतात, रेट ठरतो, आणि कराराची पीडीएफ सही करून परत जाते, वाचतं कोण. एआय वापरायचा असेल तर हे अजिबात चालणार नाही. करारात चार गोष्टी शोधा.

एक, गोपनीयता. "मजकूर तिसऱ्या कोणालाही देणार नाही" अशा अर्थाचं वाक्य जवळपास प्रत्येक करारात असतं. तुम्ही क्लायंटचा मजकूर टूलच्या खिडकीत पेस्ट केला की तो त्या टूलच्या कंपनीच्या सर्व्हरवर गेला, म्हणजे बहुतेक करारांच्या भाषेत तिसऱ्याला दिलाच. "मी तर फक्त वाक्य सोपं करून घेतलं" हे उत्तर तिथे उपयोगाचं नाही.

दोन, "हे काम माझं स्वतःचं मूळ लेखन आहे" अशी हमी. टूलने दिलेला मसुदा जसाच्या तसा पाठवून यावर सही केली तर ती खोटी सही होते. क्लायंट अमेरिकेतला असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की नुसती सूचना टाइप करून मिळालेल्या मजकुरावर माणसाचा कॉपीराइट होत नाही, माणसाने स्वतः केलेल्या बदलांवर आणि मांडणीवर होऊ शकतो. म्हणजे जे तुमचं झालंच नाही ते तुम्ही क्लायंटला विकताय अशी गत.

तीन, उपकंत्राट किंवा साधनांबद्दलचं कलम. नव्या करारांत "जनरेटिव्ह एआय वापरू नये" किंवा "लेखी परवानगीने वापरावं" असं सरळ लिहिलेलं असतं. नसेल तर गप्प बसण्याला परवानगी समजू नका.

चार, नुकसानभरपाई. चुकीमुळे झालेलं सगळं नुकसान अनुवादकाने भरायचं असं लिहिलेलं असेल तर "बिलाच्या रकमेपर्यंतच" अशी मर्यादा घालायला सांगा. मी सांगितली आणि एजन्सीने दुसऱ्या दिवशी बदलून पाठवली, विचारायला घाबरू नका.

करारच नसेल, नुसतं व्हॉट्सॲपवर काम आलं असेल, तर पुढच्या पायरीतला मेल हाच तुमचा लेखी पुरावा, तो नक्की पाठवा.

दुसरी पायरी: काम सुरू करायच्या आधी सांगा, नंतर नाही

ऑस्ट्रेलियात २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीने तिथल्या सरकारला दिलेल्या एका रिपोर्टमध्ये अस्तित्वातच नसलेले संदर्भ सापडले. एआय टूल वापरल्याचा उल्लेख मूळ रिपोर्टमध्ये नव्हता, तो सुधारित आवृत्तीत आला, आणि फीचा काही भाग परत द्यायची वेळ आली. चुका तर वाईटच, पण माझ्या मते विश्वास तुटतो तो उल्लेख उशिरा आल्यामुळे.

मी एजन्सीच्या मॅडमना पाठवलेला मेल असा होता:

"नमस्कार मॅडम, पुस्तिकेचा पहिला मसुदा काही ठिकाणी एआय टूलने करून घ्यायचा विचार आहे. सुरक्षिततेच्या सूचना आणि तक्ते मी पूर्ण हाताने करेन. मॉडेल नंबर, किमती आणि कंपनीचं नाव टूलमध्ये टाकणार नाही. टूलच्या सेटिंगमध्ये मजकूर ट्रेनिंगसाठी वापरणं बंद केलेलं आहे. प्रत्येक वाक्य मी मूळ इंग्रजीशी ताडून पाहीन आणि अंतिम मजकुराची जबाबदारी माझी राहील. कंपनीची हरकत असल्यास कळवा, मग सगळं काम टूलशिवाय करेन, रेट तोच राहील. लेखी उत्तराची वाट बघते."

यात कुठे वापरणार, कुठे नाही, मजकुराचं काय होणार आणि जबाबदार कोण हे चारही आलंय. नुसतं "एआयची मदत घेते" म्हटलं तर क्लायंटला काहीच कळत नाही. मॅडमनी कंपनीला विचारून दोन दिवसांनी होकार कळवला.

नकार आला तर नकार, तिथे पळवाट शोधू नका. आणि तेव्हा ब्राउझरमध्ये बसवलेली व्याकरण सुधारणारी एक्स्टेन्शन्सही बंद करा, कारण त्यातल्या बऱ्याच तुमचा मजकूर बाहेर पाठवतातच, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही.

तिसरी पायरी: मजकूर देताना

चॅटजीपीटी असेल तर `Settings` मध्ये `Data controls`, त्यात `Improve the model for everyone` हे बंद करा. बाकी टूल्समध्ये असंच काहीतरी असतं, शोधा. पण हे बंद केलं म्हणजे मजकूर तुमच्याच कॉम्प्युटरवर राहिला असं नाही, तो जातोच, फक्त ट्रेनिंगसाठी वापरला जात नाही. म्हणून नावं, मॉडेल नंबर, फोन नंबर आधी काढून त्या जागी `X1`, `X2` टाका आणि कुठल्या खुणेला काय ते वेगळ्या वहीत ठेवा. ग्राहकांची किंवा पेशंटची माहिती असलेला मजकूर मी टूलमध्ये टाकतच नाही, नावं काढूनही नाही.

चौथी पायरी: तपासणी, आणि इथे वेळ घालवा

टूलचा मराठी मजकूर पहिल्या वाचनात गुळगुळीत वाटतो, धोका तोच आहे. माणसाची चूक अडखळते, डोळ्यात खुपते, ही चूक नीट शुद्धलेखनात येते. म्हणून मराठी वाचून "छान वाटतंय" यावर जाऊ नका.

मी टूल उघडायच्या आधी मूळ इंग्रजीतून दोन याद्या हाताने काढते. पहिलीत सगळे आकडे, युनिटसह आणि तो आकडा कशाचा आहे ते. दुसरीत सगळे नकार आणि अटी: नको, कधीही नाही, फक्त, आधी, नंतर, शिवाय. मराठी झाल्यावर यादीतली एकेक नोंद मराठीत शोधायची आणि टिक करायची. दिसायला शाळेतलं काम, पण या पुस्तिकेत तिथेच दोन गोष्टी सापडल्या.

मूळ इंग्रजीत होतं की फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर गेला की फिल्टर धुवा. टूलने लिहिलं, "दाब ०.५ च्या वर गेल्यास फिल्टर स्वच्छ करा." फरक हा शब्दच गेला. आकडा बरोबर, व्याकरण बरोबर, सूचना पूर्ण चुकीची, कारण ठिबकचा संच चालतोच मुळी याच्यापेक्षा जास्त दाबावर, म्हणजे शेतकरी दिवसभर फिल्टरच धूत बसला असता. "कशाचा आकडा" ही नोंद यादीत होती म्हणून पकडलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. नळ्यांत साचलेले क्षार काढायला ॲसिड ट्रीटमेंट करतात. त्याची सूचना ठरल्याप्रमाणे मी हाताने केली होती. पण पुस्तिकेच्या शेवटी एक पानाचा सारांश होता, ज्यात त्याच सूचना थोडक्यात होत्या, आणि तो मी टूलला "सोपं आणि छोटं कर" म्हणून दिला. मूळ वाक्य असं की नेहमी पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडमध्ये पाणी कधीही टाकू नका. छोटं झाल्यावर उरलं, "ॲसिड आणि पाणी एकत्र करून टाकीत भरा." क्रमच गेला. तीव्र ॲसिडमध्ये पाणी ओतलं तर एकदम उष्णता तयार होऊन ते अंगावर उडतं, डोळे जाऊ शकतात माणसाचे. दुसऱ्या यादीत "कधीही नाही" ची नोंद होती, तिला मराठीत जोडीच सापडेना, तेव्हा लक्षात आलं. त्या दिवसापासून सारांशात आलेली सुरक्षिततेची ओळही टूलला द्यायची नाही हे माझं ठरलंय, आणि मॅडमनाही तसं कळवून टाकलं.

यानंतर भाषा. हे वाचन मोठ्याने करायचं. लॅटरलला टूलने "पार्श्व नलिका" केलं होतं, शेतात कोणी असं म्हणत नाही, लॅटरल नाहीतर नळी. एका परिच्छेदात "तुम्ही" आणि पुढच्यात "आपण". "दुसऱ्या" च्या जागी "दुसर्या". "च्या माध्यमातून" तर दर चौथ्या वाक्यात, तिथे साधं "ने" पुरतं. हे सगळं शोधून शोधून बदललं.

शेवटी दिंडोरीच्या मामांनी वाचून बघितली, त्यांची द्राक्षबाग ठिबकवरच आहे. आधी मॅडमना लेखी विचारलं, कारण न छापलेला मजकूर मामांना दाखवणं हेही तिसऱ्याला देणंच. मामांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं, त्यातलं एक वाक्य मी स्वतः लिहिलेलं होतं.

मजकूर एआयने लिहिलाय का हे सांगणाऱ्या एआय डिटेक्टरवर मी तपासणी सोडत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपला डिटेक्टर २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. क्लायंटने डिटेक्टरचा आकडा दाखवून पैसे अडवले तर तुमच्याकडे दुसरं काहीतरी हवं, त्यासाठी पुढची पायरी.

पाचवी पायरी: नोंद आणि बिल

प्रत्येक कामाचं एक फोल्डर: मूळ फाइल, टूलचा कच्चा मसुदा, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून केलेली माझी फाइल, दोन्ही याद्या टिकांसकट, आणि होकाराचा मेल. कोणी विचारलं तर कुठलं वाक्य कसं तयार झालं हे दाखवता येतं. करारात "काम संपल्यावर मजकूर नष्ट करा" असेल तर त्या मुदतीत डिलीट करा आणि टूलमधली चॅट हिस्टरीसुद्धा, ती बहुतेक जण विसरतात.

पैशांचं म्हणाल तर या पुस्तिकेला एरवी लागले असते त्यापेक्षा साधारण दीड दिवस कमी लागला, चार दिवस वाचले नाहीत, कारण वाचलेला बराच वेळ याद्यांत गेला. म्हणून "एआय वापरता ना, मग अर्धा रेट करा" असं कोणी म्हटलं तर मी याद्या समोर ठेवते. बिलात मी एक ओळ घालते: "अनुवाद, मूळ मजकुराशी पूर्ण पडताळणी व भाषिक संपादनासह; एआय टूलचा मर्यादित वापर, अमुक तारखेच्या लेखी संमतीनुसार." तारीख खरी घाला, आणि तो मेल बिलाला जोडून पाठवा.