ऑनलाइन शिकवणीच्या चाचणी तासाचे मूल्यमापन कसे करावे

ऑनलाइन शिकवणीसाठी अर्ज केलेल्या उमेदवाराचा चाचणी तास पाहताना आपले लक्ष साहजिकच उमेदवाराच्या बोलण्याकडे जाते. निवडीला उपयोगी पडणारा पुरावा मात्र बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या बोलण्यात सापडतो. विद्यार्थ्याने पहिल्यांदा चुकीचे उत्तर दिल्यानंतरची दोन-तीन मिनिटे तर सर्वांत बोलकी असतात, कारण मांडणीतील स्पष्टता, गती, संवाद आणि आपुलकी या चारही गोष्टी तिथे एकत्र दिसतात.

म्हणून तासासाठी असा घटक द्यावा, ज्यात विद्यार्थी हमखास अडखळतो. घटक आणि इयत्ता उमेदवाराला आदल्या दिवशी कळवावी आणि तास साधारण ३० मिनिटांचा ठेवावा. विद्यार्थी शक्यतो खरा असावा. परीक्षकानेच विद्यार्थ्याची भूमिका घेतली तर चुकाही बेतलेल्या होतात. उमेदवाराची व पालकांची संमती घेऊन तास रेकॉर्ड करावा आणि परीक्षकाने सुरुवातीच्या ओळखीनंतर आपला कॅमेरा व माइक बंद ठेवावा.

तास चालू असताना कागदावर दोन रकाने आखावेत: डावीकडे उमेदवाराने काय म्हटले, उजवीकडे विद्यार्थ्याने काय केले, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ. विशेषणे टाळावीत. ‘छान समजावले’ ही नोंद नव्हे. ‘बाराव्या मिनिटाला तिने स्वतःहून छेद सारखे केले’ ही नोंद आहे.

समजा, घटक भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचा आहे आणि १/२ + १/३ या उदाहरणाला विद्यार्थिनीने २/५ असे उत्तर दिले. एक उमेदवार लगेच म्हणतो, “नाही, आधी लसावि काढायचा,” आणि फळ्यावर ५/६ लिहून विचारतो, “समजलं ना?” ती “हो” म्हणते. हे सांगणे गणिताच्या दृष्टीने अचूक आहे, पण तिला २/५ का वाटले, हे कोणालाच कळलेले नाही. दुसरा उमेदवार विचारतो, “हे कसं काढलंस, मला सांगशील?” तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवल्याचे कळल्यावर तो अर्धी पट्टी रंगवतो, शेजारी २/५ ची पट्टी ठेवतो आणि थांबतो. थोड्या वेळाने तीच म्हणते, “अरे, हे तर अर्ध्यापेक्षा कमी झालं!” संवादाचे गुण दुसऱ्या उमेदवाराला जास्त द्यावेत, मग पहिल्याचे बोलणे कितीही ओघवते असो.

गती मोजताना मिनिटाला किती उदाहरणे झाली हे पाहू नये. प्रश्न विचारल्यानंतर उमेदवार किती थांबतो, हे मोजावे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले, की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेल्यास विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक सविस्तर होतात. ऑनलाइन तासात आवाज पोहोचायलाही क्षणभर लागतो, त्यामुळे आणखी एखादा सेकंद धरावा. रेकॉर्डिंगमधले पाच प्रश्न निवडून घड्याळ लावले, तरी सवय लक्षात येते.

स्पष्टतेची कसोटी शेवटच्या पाच मिनिटांत घ्यावी. उमेदवाराला आधीच सांगून ठेवावे, की शेवटी एक नवे उदाहरण, जसे १/४ + २/३, विद्यार्थिनी कोणत्याही मदतीशिवाय सोडवील. ती ११/१२ पर्यंत पोहोचली आणि छेद १२ का घेतला हे तिला सांगता आले, तर मांडणी स्पष्ट होती.

आपुलकीबाबत फसगत लवकर होते. उमेदवाराचे हसणे किंवा प्रत्येक उत्तराला ‘शाबास’ म्हणणे हा त्याचा स्वभाव झाला. नाते जुळल्याची खूण म्हणजे विद्यार्थिनीने न विचारता काढलेली शंका, किंवा “थांबा, परत सांगा ना” असे बिनधास्त म्हणणे. उमेदवार आवडला की बाकीचे गुणही नकळत वाढतात, म्हणून आपुलकीचे गुण सर्वांत शेवटी द्यावेत.

प्रत्येक निकषाला १ ते ४ गुण द्यावेत आणि प्रत्येक गुणामागे कागदावरची किमान एक नोंद दाखवता यावी. दोन परीक्षकांनी चर्चेआधी स्वतंत्रपणे गुण लिहावेत आणि दोन किंवा अधिक गुणांचा फरक आला, तर रेकॉर्डिंगचा तेवढा भाग पुन्हा पाहावा. पहिल्या पाच मिनिटांतील घाबरलेपण आणि नेट तुटणे गुणांत धरू नये. नेट तुटल्यावर उमेदवाराने धागा कसा पकडला, हे मात्र जरूर धरावे. विद्यार्थिनी एकदाही चुकली नाही, तर चूक हाताळण्याची पारखच झालेली नसते. अशा वेळी थोड्या अवघड घटकावर १५ मिनिटांचा दुसरा तास घ्यावा.

तास संपल्यावर, गुण सांगण्याआधी, उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा: “तिला नेमके कुठे अडले होते?” त्याचे उत्तर आपल्या उजव्या रकान्याशी ताडून पाहावे आणि मगच गुणांवर सही करावी.