कपातीचं पत्र आलं की शेवटच्या दिवसापर्यंत काय काय बघायचं

नाशिकच्या अंबड-सातपूरला कंपनीत रीस्ट्रक्चरिंग सुरू झालं की आधी कुजबुज, मग एकेकाला केबिनमध्ये बोलावणं आणि मग पत्र, हे आता सगळ्यांना माहितीये. तर केबिनमध्ये पहिलं काम म्हणजे समोर ठेवलेला कागद कपातीची नोटीस आहे की राजीनामा, ते नीट वाचा. एचआरवाले गोडीत म्हणतात, राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील, पुढं नोकरीला बरं पडेल. पण राजीनामा दिला की कपातीची कायदेशीर भरपाई गेली, मग कंपनी जे देईल ते मर्जीनं, आणि पाच लाखांपर्यंतच्या भरपाईवर टॅक्सची जी सूट असते तीही अडचणीत येते. नोटीसच असेल तर "फक्त प्रत मिळाली" असं लिहून, तारीख टाकून सही करा आणि एक कॉपी घेऊनच बाहेर पडा.

घरी आल्यावर शांतपणे वाचा. कारण लिहिलेलं हवं, आणि शेवटचा दिवस पत्राच्या तारखेपासून निदान एक महिन्यानंतरचा हवा, नसेल तर त्या महिन्याचा पगार वेगळा. कारखान्यात तीनशे किंवा जास्त कामगार असतील तर गोष्टच वेगळी, तिथं सरकारची आधी परवानगी लागते, ती घेतली का हे लेखी विचारा. हे सगळं नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतलं. आणि हे "कामगार" म्हणून बसणाऱ्यांसाठी, मॅनेजर किंवा अठरा हजारांवर पगार असलेल्या सुपरवायझरने आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीस पिरियडचा क्लॉज बघावा, नोटिशीपुरता त्याला हाच काय तो आधार.

मग प्रश्न येतो मीच का. साधा नियम असा की त्या कॅटेगरीत जो शेवटी आला तो आधी जाणार, म्हणजे सीएनसी ऑपरेटर कमी करायचेत तर सीएनसी ऑपरेटरांच्यातच सिन्यॉरिटी बघायची, पेंट शॉपशी तुलना नाही. कंपनी हा क्रम मोडू शकते पण कारण नोंदवावं लागतं, आणि "परफॉर्मन्स" एवढं म्हणून भागत नाही. म्हणून सिन्यॉरिटी लिस्टचा फोटो काढून ठेवा आणि तुमच्यानंतर लागलेला कोण राहिलाय ते बघा. असा कोणी दिसला तर युनियनला किंवा सरळ कामगार उपायुक्तांच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

आता पैसे, इथं लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. समजा एक ऑपरेटर १२ जून २०१७ ला लागला आणि २८ फेब्रुवारी २०२६ त्याचा शेवटचा दिवस, बेसिक आणि डीए मिळून २६ हजार. आठ वर्षं आठ महिने झाली, सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे नऊ. भरपाई म्हणजे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, इथं पंधरा दिवस म्हणजे महिन्याचा अर्धा, १३ हजार गुणिले ९, झाले १ लाख १७ हजार. ग्रॅच्युइटी पण पंधरा दिवसांचीच पण तिथं महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून २६ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९, होतात १ लाख ३५ हजार. पगार तोच, पंधरा दिवस तेच, पण आकडे दोन. आणि हे दोन्ही वेगवेगळे मिळतात, "एकत्रित पॅकेज दोन लाख" असं कोणी सांगितलं तर दोघांची बेरीजच २ लाख ५२ हजार होते हे लक्षात असू द्या. उरलेल्या रजांचे पैसे यात नाहीत, ते वरून. कपात झालेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या रीस्किलिंग फंडातून आणखी पंधरा दिवसांचा पगार कपातीनंतर ४५ दिवसांत खात्यावर यायला हवा, तो मात्र लोक विचारतच नाहीत.

भरपाई कपात करतानाच द्यायची असते, "नंतर अकाउंट्सला भेटा" हे चालत नाही. बाकी पगाराचा हिशोब शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत. फुल अँड फायनलच्या कागदावर "आता काही बाकी नाही" असं वाक्य असतंच, पैसे खात्यावर दिसल्याशिवाय त्यावर सही नको, आणि घाई करत असतील तर "हिशोब तपासून सही करतो" म्हणा.

शेवटच्या दिवसाआधी कंपनीच्या ईमेलवरच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, जॉइनिंग लेटर सगळं घरच्या मोबाइलवर घ्या, लॉगिन बंद झालं की मिळत नाही. पीएफच्या पोर्टलवर मोबाइल नंबर, आधार आणि बँक जुळतंय का तेही आधीच बघा, नंतर तिथं एक्झिटची तारीख आणि कारण कंपनीने काय टाकलंय ते तपासा, कपात झालेल्याच्या नावापुढे राजीनामा पडलेला सापडतो कधीकधी. आणि कंपनीत आपला आत्ताचा पत्ता, फोन लेखी देऊन पोच घ्या, कारण वर्षभरात त्याच कामाला परत भरती निघाली तर कपात झालेल्यांना आधी विचारायचं असतं, आणि जुन्या पत्त्यावर पत्र पाठवून "आला नाही" म्हणायला त्यांना जागा राहू नये.