इलिओस्टोमीची पिशवी सारखी भरतेय? या चुका टाळा

लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावतात, ती इलिओस्टोमी. या ऑपरेशननंतर घरी जाताना पिशवी कशी लावायची, कशी बदलायची, कातडी कशी सांभाळायची हे बहुतेक लोक नीट शिकून जातात. काय प्यायचं आणि किती बाहेर पडलं ते कसं मोजायचं, याकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. पहिल्या काही आठवड्यांत इलिओस्टोमीचे पेशंट परत भरती होतात ते बरेचदा पाणी आणि मीठ कमी पडून. स्टोमा नर्स म्हणून मी हे पाहत आले आहे, आणि चुका दरवेळी त्याच असतात.

आधी आकडे. इलिओस्टोमी स्थिरावली की 24 तासांत साधारण 500 ते 800 मिली बाहेर पडतं, एक लिटरपर्यंतही चालतं. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं की त्याला हाय आउटपुट म्हणायचं. पाण्यावरची जी बंधनं पुढे सांगते आहे ती फक्त हाय आउटपुटवाल्यांसाठी आहेत. ज्यांचं 700 मिलीवर आहे त्यांनी हे वाचून पाणी कमी केलं तर उलट त्रास होईल.

सगळ्यात मोठी चूक: तहान लागली म्हणून पाणी पीत राहणं

उन्हाळ्यात एक काका आले होते. सोलापूरकडचे, किराणा दुकान चालवणारे. गुदाशयाच्या गाठीचं ऑपरेशन होऊन तात्पुरती इलिओस्टोमी झालेली, घरी जाऊन दोन आठवडे झालेले. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, तोंड कोरडं, लघवी गडद. वजन 61 वरून 57 किलोवर आलेलं. काकू म्हणाल्या, "सिस्टर, पाणी तर किती पितात! तांब्या हातातून सुटत नाही यांच्या."

आदल्या दिवसाचा हिशेब मी त्यांच्याकडून मागून घेतला. साधं पाणी 2400 मिली, दोन शहाळ्यांचं पाणी 600, लिंबू सरबत 500, चहा 300. एकूण 3800. आणि पिशवीतून गेलेलं, आम्ही वॉर्डात मोजलं ते, 24 तासांत 3600. लघवी जेमतेम 400. म्हणजे प्यायलेलं जवळपास सगळं पिशवीत उतरत होतं आणि अंगाला काही लागत नव्हतं. किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढून 2.3, आणि लघवीतलं सोडियम 8. हा शेवटचा आकडा 20 च्या खाली असला की शरीर मिठाचा कण न् कण धरून ठेवतंय असं समजायचं. बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढायच्या आधीच तो खाली येतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितला नसेल तर आपण होऊन विचारावा.

असं का होतं? लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर गळकं असतं. पोटात गेलेल्या पेयात सोडियम कमी असेल, म्हणजे लिटरमागे साधारण 90 मिलिमोलच्या खाली, तर रक्तातलं सोडियम आतड्यात झिरपतं आणि त्याच्यामागे पाणीही येतं. धडधाकट माणसात पुढचं आतडं आणि मोठं आतडं ते परत शोषून घेतात. इथे मोठं आतडं वाटेतून बाजूला काढलेलं असतं, त्यामुळे आलेलं सगळं पिशवीत पडतं. साधं पाणी जितकं जास्त पिणार, तितकं मीठ जास्त धुऊन निघणार आणि तितकीच तहानही वाढणार. या दिवसांत तहानेचं ऐकायचं नाही, असं मी पेशंटला बजावून सांगते.

शहाळ्याबद्दल जरा जास्तच बोलते, कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम फारच कमी. किडनी आधीच ताणलेली असताना हे उलटं गणित नको. लिंबू सरबत आणि फळांचा रस यांत साखर इतकी असते की ती आतड्यात आणखी पाणी ओढते. ओआरएसच्या नावाखाली विकली जाणारी गोड डबाबंद पेयंही त्यातलीच. 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली, तरी घरात जुनी सवय राहतेच.

काकांचं काय केलं? पहिला दिवस तोंडाने काही नाही, शिरेतून सलाइन. त्या दिवशी पिशवीत 900 मिली पडलं. काकूंना खरं पटलं ते तेव्हा, कारण औषध सुरूही झालं नव्हतं, फक्त पिणं थांबलं होतं. मग ठरलं ते असं: पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला एक लिटर, आणि त्याशिवाय खारट ग्लुकोज पाणी एक लिटर. जेवणाआधी अर्धा तास आतड्याचा वेग मंदावणारं लोपेरामाइड, आणि पोटातलं ॲसिड कमी करायला ओमेप्राझोल. पुढच्या तीन दिवसांचे आकडे 1900, 1500, 1200. लघवी 900 वर आली. पिणं 3800 वरून 2000 वर आणलं आणि माणसाच्या अंगात पाणी टिकू लागलं, हे नातेवाइकांना समजावताना मला दरवेळी नव्याने सुरुवात करावी लागते.

खारट पाणी अंदाजाने बनवणं

लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या नावाने ओळखलं जाणारं मिश्रण जगभर वापरतात: एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. यातून बरोबर 90 मिलिमोलच्या आसपास सोडियम मिळतं. ग्लुकोज साधं घ्यायचं, फ्लेवरवालं नाही. सोडा म्हणजे खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे.

चमच्याने मोजू नका. प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा, आणि त्यावर ढीग किती करायचा हेही प्रत्येकाचं वेगळं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, एका वेळी आठवड्याच्या पुड्या बांधून ठेवा. किराणावाल्या काकांना हे सांगावं लागलं नाही, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने वर्तमानपत्राच्या कागदात सात पुड्या बांधून आणल्या, दुकानात जिरं बांधतात तशा.

चव वाईट असते, हे मान्य. फ्रीजमध्ये गार करा, लिंबाचे चार थेंब टाका, स्ट्रॉने घोट घोट दिवसभरात संपवा. एकदम ग्लासभर ढोसलं तर तेही सरळ पिशवीत जातं. 24 तासांनंतर उरलेलं फेकून द्यायचं. "चव नाही म्हणून पाणी दुप्पट घातलं" असं सांगणारे दर महिन्याला भेटतात. त्यांनी मग साधं पाणीच प्यावं, निदान ग्लुकोजचे पैसे तरी वाचतील.

मेडिकलमधल्या डब्ल्यूएचओ ओआरएसमध्ये लिटरला 75 सोडियम असतं. ते हगवणीसाठी उत्तम आहे, हाय आउटपुटला थोडं कमी पडतं. आउटपुट दीड लिटरच्या आसपासच असेल तर पुष्कळदा त्यावर भागतं. भागत नसेल तर त्यात मीठ किती वाढवायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि त्यात पोटॅशियमही असतं हे किडनीच्या पेशंटने लक्षात ठेवा.

"मला बीपी आहे, मी मीठ खात नाही"

एक लिटर आउटपुटबरोबर साधारण सात ग्रॅम मिठाएवढं सोडियम जातं. तेव्हा वरणभातावर मीठ, बरोबर पापड, खारी बिस्किटं हे या काळात पथ्यच आहे. बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या, कोरड्या पडलेल्या माणसाची किडनी बसवू शकतात. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे आउटपुट वाढल्याच्या दिवशीच फोन करून विचारायचं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर वरचं सगळं मिठाचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

"पाच वेळा रिकामी केली" हा आकडा नव्हे

पिशवी कोणी पाव भरल्यावर ओततो, कोणी फुगून सुटायला आल्यावर. पाच वेळा म्हणजे 600 मिली असू शकतं आणि 2500 पण. खुणा असलेला एक प्लॅस्टिकचा जग घ्या, तो कशासाठी आहे ते त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, बाथरूममध्येच ठेवा. पिशवी आधी जगात, आकडा वहीत, मग कमोडमध्ये. सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा असा दिवस धरा. रात्रीची पिशवी बहुतेकांच्या हिशेबातून निसटते आणि नेमकी तीच मोठी असते.

वहीत चार रकाने पुरतात: काय प्यायलं, पिशवीतून किती, लघवी किती, सकाळचं वजन. ॲप वगैरेच्या नादी लागू नका. काकू दुकानाच्या उधारीच्या वहीत लिहायच्या आणि मला फोनवर चारही आकडे सांगायच्या, तेवढ्यावर काम झालं. दोन दिवसांत वजन दोन किलो उतरलं, लघवी 500 च्या खाली गेली किंवा आउटपुट लागोपाठ दोन दिवस दीड लिटरवर राहिलं तर वही घेऊन दवाखाना गाठायचा.

बाकीच्या

गोळी जेवणानंतर घेणं: लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतलं तरच आतड्याचा वेग अन्न पोहोचण्याआधी मंदावतो. कॅप्सूल पिशवीत अख्खी दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस स्वतःहून वाढवू नका, जास्त डोसने हृदयाची लय बिघडते.

इसबगोल: पिशवीतलं घट्ट दिसतं आणि मन समाधान पावतं. पाणी आणि सोडियम जायचं तेवढं जातच राहतं.

जेवताना पाणी: अर्धा तास आधी, अर्धा तास नंतर. मध्ये घोटभर चालेल.

भाकरी, उसळ, कोशिंबीर: आउटपुट खाली येईपर्यंत बाजूला. मऊ भात, उकडलेला बटाटा, साबुदाणा, पिकलं केळं, पाव, अंडं, असं थोडं थोडं पाच-सहा वेळा. भुट्टा आणि ओल्या नारळाचे तुकडे नंतरही जपूनच, कारण ते अडकतात.

आणि अडकण्यावरून एक. पातळ पाण्यासारखं फवाऱ्याने येतंय, सोबत पोटात कळा, फुगारा, उलटी, किंवा मधूनच पूर्ण बंद, असं असेल तर ते अडकलेलं आतडं असू शकतं. ताप असेल तर पोटात पू. अशा वेळी आउटपुट थांबवायची गोळी घेणं धोक्याचं, सरळ सर्जनकडे जायचं.

आउटपुट लागोपाठ चार-पाच दिवस 1200 च्या आत राहिलं की मी रोजचं साधं पाणी 250 मिलीने वाढवायला सांगते. दोन दिवस वही बघायची. आकडा हलला नाही तर आणखी 250. हलला तर मागच्या पायरीवर. एकदम सगळं मोकळं सोडणारे आठवड्यात परत येतात, म्हणून जग आणि वही निदान तोवर तरी माळ्यावर टाकू नका.