फडताळं लावण्याआधी: हात कुठवर पोचतो आणि डबा कितीदा उघडतो

स्वयंपाकघर आवरायचं ठरलं की आधी सगळं खाली काढून फडकं मारावंसं वाटतं. ते एक आठवडा थांबवा. त्याआधी प्रत्येक डब्यावर आणि बरणीवर कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि ओट्याच्या कोपऱ्यात पेन्सिल ठेवा. जो डबा उघडेल त्याने पट्टीवर एक रेघ ओढायची. भांड्यांवर पट्टी धुण्यात टिकत नाही, म्हणून कढया, पातेली, कुकर, परात, किसणी यांची यादी फ्रिजच्या दारावर लावून तिथेच रेघा मारायच्या. आठवडा रविवारसकट धरा, कारण इडलीपात्र आणि मोठा कुकर बहुतेक घरांत त्याच दिवशी निघतात. चहा-साखर आणि मिसळणाचा डबा पुढे असणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. खरी माहिती मधल्या डब्यांची मिळते. दाण्याच्या कुटाचा डबा बहुतेक रोज उघडलेला दिसतो आणि हाताशी ठेवलेल्या मैद्यावर एकही रेघ नसते.

दुसरी तयारी मापाची, आणि ती मोजपट्टी घेऊनच करायची. ओट्याची उंची साधारण 33-34 इंच असते. त्याच्यावर 20 इंच मोकळी भिंत सोडून वरची कपाटं बसवतात. म्हणजे कपाटाचा अगदी खालचा कप्पाही जमिनीपासून साडेचार फुटांवर येतो. पाच फूट उंचीच्या बाईचा खांदा सव्वाचार फुटांच्या आतच असतो. त्यात पुढे दोन फूट खोल ओटा आडवा, म्हणजे हात वर न्यायचा आणि पुढेही ताणायचा. ज्याला आपण 'हाताशी' म्हणतो तो वरचा पहिला कप्पाच खांद्याच्या वर असतो, मग दुसरा-तिसरा तर विचारायलाच नको. खरोखर सोयीची जागा स्वयंपाकघरात फार थोडी निघते: ट्रॉलीचा सगळ्यात वरचा खण, ओट्याच्या मागची भिंतीलगतची पट्टी, आणि वरच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याचा पुढचा अर्धा भाग. तेवढीच जागा रेघांच्या हिशेबाने वाटायची आहे.

माप घेताना ओट्याला पोट टेकवून उभं राहा आणि किलोभर साखरेचा भरलेला डबा दोन्ही हातांनी कपाटात ठेवून पाहा. टाचा न उचलता आणि मान मागे न टाकता जिथवर डबा पोचतो, तिथे कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करा. खालच्या बाजूला गुडघे न वाकवता हात जिथवर जातो तिथे दुसरी खूण. घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या घ्या. वरची खूण सगळ्यांत बुटक्या माणसाची धरायची आणि खालची ज्याचे गुडघे-कंबर दुखतात त्याची. आमच्याकडे या दोन्ही खुणा सासूबाईंच्या आहेत, आणि त्या खुणांमधल्या जागेत माझं काहीच अडत नाही.

आता वाटणी. उदाहरण म्हणून गॅसच्या उजवीकडचा भाग घेऊ. ट्रॉलीच्या वरच्या खणात उलथनं, डाव, झारा, सांडशी, चमचे, गाळणी आणि सोबत मिसळणाचा डबा. मसाला काढायला वर बघावं लागत नाही, खण ओढला की सातही वाट्या वरून दिसतात. मीठ आणि तेलाची किटली ओट्यावर, भिंतीला लागून. तिखट, हळद आणि गोडा मसाला जास्तीचा असेल तो मिसळणाच्या डब्यात भरण्यापुरताच लागतो, त्याला वरचा दुसरा कप्पा चालतो. दुसऱ्या खणात रोजची कढई, तवा आणि लहान पातेली. इथे एक नियम पाळा: रोजच्या भांड्यावर दुसरं भांडं नको. एकात एक घातलेल्या चार कढया जागा वाचवतात, पण रोजची सगळ्यात खाली असेल तर दरवेळी तीन उचलून ठेवाव्या लागतात, आणि दोन दिवसांत ती कढई ओट्यावरच मुक्काम करते.

कणकेचं वेगळं आहे. रेघा तिला सगळ्यांत जास्त, म्हणून ती वरच्या कप्प्यात ठेवावीशी वाटते. पण पाच किलोंचा भरलेला डबा खांद्याच्या वरून काढणं धोक्याचं, आणि रोज वाकून जमिनीलगतून ओढणंही त्रासाचं. कंबरेच्या जरा खाली, दुसऱ्या-तिसऱ्या खणात, परात आणि पोळपाट-लाटण्याच्या शेजारी तिची जागा. तिथे एवढा मोठा डबा मावत नसेल तर दोन किलोंचा डबा हाताशी ठेवा आणि बाकी कणीक तांदळाच्या पिंपाजवळ अगदी खाली. खाली वाकणं मग आठवड्यातून एकदोनदाच. तेलाच्या मोठ्या कॅनचंही तसंच.

जागा ठरवताना उष्णता आणि ओल विसरू नका. गॅसच्या बरोबर वरचं कपाट सोयीचं दिसतं, पण वाफेने तिथे मसाल्याचे गोळे होतात आणि वास उडतो. तिथे काचेचे बोल किंवा पाहुण्यांची ताटं ठेवावीत. सिंकच्या खाली धान्य, रवा, पोहे अजिबात नको. पाइपाची झिरप कळेपर्यंत डब्याच्या बुडाला गंज आलेला असतो. घरात रांगतं मूल असेल तर फिनेल आणि भांड्यांचा साबणही तिथून हलवा, कारण खालचं दार हे त्याच्यासाठी सगळ्यात हाताशी आहे.

एकही रेघ न मिळालेल्या वस्तूंकडे घाईने पाहू नका. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचं पीठ यांना त्या आठवड्यात रेघ नसेल, पण एकादशीला आणि नवरात्रात ते सगळे एकदम लागतात. हे एकाच टोपलीत भरून वरच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे हात एकदाच ताणावा लागतो. टोपली हलकी आणि पुढे कडी असलेली घ्या. सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, फराळाची मोठी कढई यांची जागा माळ्यावर. पितळी आणि लोखंडी जड भांडी मात्र माळ्यावर टाकू नका, ती खालच्या खणात मागे सारा. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर नाव समोरच्या बाजूला आणि मोठ्या अक्षरांत लिहा, जमिनीवर उभं राहून वाचता येईल असं. चढायला पायऱ्यांचं घडीचं स्टूल आणि खाली धरायला दुसरं माणूस, ही तयारी गणपतीच्या आठवडाभर आधी.

हे सगळं कागदावर लिहून झालं की मगच डबे खाली काढा, आणि एका दिवशी एकच कपाट रिकामं करा. सगळं एकदम काढलं तर संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या घाईत जे जिथे मावेल तिथे कोंबलं जातं. नव्या जागांवर महिनाभर चिकटपट्ट्या तशाच राहू द्या, त्यांवर आता त्या जागेत काय आहे ते लिहा. घरातले बाकीचे डबा शोधायला हाक मारणार नाहीत.

दोन आठवड्यांनी रात्री ओटा पुसताना बघा, त्यावर जागा नसलेलं काय काय साठलंय. जी वस्तू रोज तिथेच सापडते तिची कपाटातली जागा चुकली आहे. ती एक इंच मागे आहे, एका झाकणाखाली आहे किंवा दुसऱ्या डब्याच्या आड. तेवढीच वस्तू हलवा, आणि तिच्या जागी खाली आलेली कमी रेघांची वस्तू वर पाठवा.