बीपीची नवी गोळी सुरू झाली आणि कोरडा खोकला थांबेना: काय करावं?

घशात सारखं खवखवतं, उबळ येते, पण कफ पडत नाही. सर्दी नाही, ताप नाही. रात्री आडवं झालं की जास्तच. हळद-दूध झालं, खडीसाखर झाली, सिरपची बाटली संपली, तरी फरक नाही. अशा वेळी घशाकडे बघण्याआधी गोळ्यांच्या स्ट्रिपकडे बघा.

पहिलं काम: स्ट्रिपची मागची बाजू वाचा

कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ते रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं ‘प्रिल’ने संपत असेल, तर संशयाला जागा आहे. एकाच गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही नावं वाचा, कारण अॅम्लोडिपिनच्या जोडीला पेरिंडोप्रिल असू शकतं. चष्मा लावूनही अक्षर दिसलं नाही तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

या गटातली औषधं शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. पण ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडण्याचं कामही तेच एन्झाइम करतं. ते अडवलं की हा पदार्थ साठत जातो, श्वासमार्गातल्या नसा चाळवतात आणि काहीही अडकलेलं नसताना ठसका लागतो. म्हणूनच सिरपने फारसं काही होत नाही. साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो, बायकांना जास्त.

दुसरं काम: तारखा लिहा

समजा, एका चोपन्न वर्षांच्या बाईंना 3 जूनला रॅमिप्रिल 5 मिलिग्रॅम सुरू झालं आणि 24 जूनच्या सुमारास खोकला लागला. मधे तीन आठवडे गेले, म्हणून त्यांना गोळीचा संशयही येत नाही. पावसाळा लागला, हवा बदलली, असं म्हणून सोडून देतात. पण हा खोकला पहिल्या गोळीनंतर काही तासांत येऊ शकतो, तसाच काही महिन्यांनीही. त्यामुळे गोळी कधी सुरू झाली, खोकला कधी लागला, रात्री झोपमोड होते का आणि घरी मोजलेलं बीपी किती, हे एका कागदावर लिहून ठेवा.

तिसरं काम: गोळी चालू ठेवूनच डॉक्टरांना भेटा

‘दोन दिवस बंद करून बघू’ हा मोह आवरा. बीपी पुन्हा चढतं, आणि दोन दिवसांत खोकल्याबद्दल काही कळतही नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा हृदय अशक्त असलेल्यांना हीच गोळी हृदयासाठीही दिलेली असते, त्यांनी तर परस्पर हात लावूच नये. डॉक्टरांना सरळ विचारा: “3 तारखेला ही गोळी सुरू झाली, 24 पासून कोरडा खोकला आहे. या गोळीचा असेल का? बदलता येईल का?” तक्रार केल्यासारखं वाटायचं कारण नाही; हा परिणाम डॉक्टरांच्या ओळखीचा असतो.

डोस कमी करून किंवा याच गटातली दुसरी ‘प्रिल’ देऊन सहसा भागत नाही. बहुतेक वेळा टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी ‘सार्टन’ने संपणारी गोळी देतात. ती पुढच्या टप्प्यावर काम करते, ब्रॅडिकायनिन साठवत नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईंना 20 जुलैला टेल्मिसार्टन मिळालं, तर खोकला त्याच आठवड्यात जाईल अशी अपेक्षा नको. साधारण एक ते चार आठवडे लागतात, क्वचित तीन महिनेही. खोकला ओसरला, तर तो गोळीचाच होता असं समजायचं. तेवढ्या काळात केमिस्टकडून सर्दी-खोकल्याचं मिश्र औषध परस्पर घेऊ नका. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी बीपी वाढतं. आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत.

गोळीवर सगळं ढकलू नका

कफ, ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन किंवा थुंकीत रक्त असेल तर कारण वेगळं असू शकतं. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर टीबीची तपासणी आपल्याकडे करूनच घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. झोपल्यावर धाप लागत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हृदय तपासायला हवं.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला किंवा गिळता येईना, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. हाही याच गटाचा परिणाम असू शकतो, दुर्मीळ पण जिवावरचा. पुढची गोळी न घेता 108 ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, आणि जाताना स्ट्रिप सोबत घ्या.