चायनीज न्यू इयरला घर लाल-सोनेरी कसं सजवायचं: खिडकीवरची कागदी नक्षी, कंदील आणि दारावरचं तोरण

सिंगापूरमध्ये आमच्यासारखी घरं आता बरीच आहेत, नवरा चिनी, बायको मराठी, मुलं एकीला आजी म्हणतात आणि दुसरीला आमा. जानेवारीत संक्रांतीचे तिळगूळ संपतात न संपतात तोच बाजारात लाल कागद दिसायला लागतो. रेडीमेड सजावट ढिगाने मिळते पण ती सगळ्यांच्या घरी सेम टू सेम दिसते, आणि ज्यांनी लहानपणी दिवाळीत आकाशकंदिलाला करंज्या चिकटवल्यात त्यांना कात्री-कागदाचं हे काम अजिबात अवघड नाही.

सगळ्यात आधी तारीख बघा. हा सण चांद्र महिन्यावर असतो त्यामुळे दरवर्षी तारीख सरकते, अमावस्येच्या दिवशी सुरू होतो आणि पंधराव्या दिवशी पौर्णिमेला संपतो. २०२६ ला १७ फेब्रुवारीला होता, २०२७ ला ६ फेब्रुवारीला आहे. तारीख यासाठी महत्त्वाची की पहिल्या दिवशी कात्री-सुरी हातात घ्यायची नाही आणि केर काढायचा नाही असं जुनी माणसं मानतात, येणारं भाग्य कापलं जातं किंवा झाडून बाहेर जातं म्हणून. म्हणजे कापाकापी आणि कागदाचे तुकडे उचलणं आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकायलाच हवं, संध्याकाळी सगळं घर रियुनियन डिनरला जमतं तेव्हा तुमचं टेबल कागदांनी भरलेलं नको.

कागद

लाल कागद दोन्ही बाजूंनी लाल असलेलाच घ्या. एका बाजूने पांढरा असेल तर खिडकीवर लावल्यावर बाहेरून पांढरी नक्षी दिसते, आणि पांढरं म्हणजे चिनी घरात दुखवट्याचा रंग, तेवढं एक टाळलंच पाहिजे. पांढरे कागदी कंदीलही याच कारणासाठी नको, कितीही सुंदर दिसले तरी. नक्षीसाठी साधा ८० जीएसएमचा कागद पुरतो, कंदिलासाठी १२० च्या आसपासचा घ्या कारण इथल्या दमट हवेत पातळ कागदाच्या पट्ट्या दोन दिवसांत मान टाकतात. क्रेप पेपर किंवा घोटीव कागद वापरणार असाल तर आधी ओला कापूस त्यावर घासून बघा, कापूस लाल झाला तर तो कागद भिंतीच्या जवळपासही लावू नका. सोनेरी कार्डपेपर थोडासाच घ्या. चकचकीत फॉइलपेक्षा मॅट सोनेरी चांगला दिसतो असं माझं मत, फॉइल कापलं की कडेला आतला पांढरा गर दिसतो आणि उन्हात ते वळतंही.

खिडकीवरचं अक्षर

सुरुवात 'चुन' या अक्षराने करा, वसंत ऋतूचं अक्षर. सगळ्यांना 'फू' माहीत असतं, भाग्याचं, जे काही जण मुद्दाम उलटं लावतात, पण ते डावी-उजवीकडे सारखं नाही, त्यामुळे काचेवर लावलं की एका बाजूने वाचणाऱ्याला आरशातल्यासारखं दिसतं. 'चुन' दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं आहे म्हणून कागद घडी घालून कापता येतं आणि कॉरिडॉरमधून जाणाऱ्यालाही नीट दिसतं. अक्षर फोनवर मोठं करून समोर ठेवा, म्हणजे पुढचं पटकन कळेल.

१५ सेंमीचा चौकोन मधोमध उभा दुमडा, घडी तुमच्या डाव्या हाताला. आता पेन्सिलीने अक्षराचा उजवा अर्धा भागच काढायचाय. घडीला चिकटून वरून खाली ६ सेंमीपर्यंत अर्धा सेंमी रुंदीचा दांडा काढा, उघडल्यावर तो एक सेंमीचा होतो. या दांड्यातून उजवीकडे तीन आडव्या पट्ट्या निघतात, प्रत्येक एक सेंमी जाड आणि मध्ये एकेक सेंमी जागा, पहिल्या दोन साधारण ३ सेंमी लांब आणि तिसरी ५. तिसऱ्या पट्टीपासून, घडीपासून २ सेंमीवर, एक तिरका पाय उजवीकडे खाली उतरतो, छपराच्या उतारासारखा. त्या छपराखाली खिडक्यांचा चौकोन, ७ सेंमी उंच आणि घडीपासून अडीच सेंमी रुंद, त्यात दोन खिडक्या, प्रत्येक २ सेंमी उंच आणि घडीपासून दीड सेंमी रुंद.

आता खरी मेख. लिहिताना हा खालचा चौकोन वरच्या भागापासून सुटा असतो, पण कागदात सुटा ठेवला तर तो सरळ खाली गळून पडणार. म्हणून दांडा तिसऱ्या पट्टीखाली अजून एक सेंमी वाढवून चौकोनाला जोडा. कागदकामात सगळं या जोडांवर चालतं. चिनी कारागीर दोन पद्धती मानतात, एकात रेषा ठेवायच्या आणि मधली जागा कापायची, तिथे प्रत्येक रेषा दुसरीला जोडलेली हवी, दुसऱ्यात रेषाच कापून काढायच्या आणि कागद तसाच ठेवायचा, तिथे रेषा एकमेकींना भेटता कामा नयेत. कात्री लावण्याआधी पेन्सिलीचं टोक दांड्यावर ठेवून प्रत्येक तुकड्यापर्यंत न उचलता पोचता येतंय का बघा, जिथे उचलावं लागलं तिथे जोड राहिलाय.

कापायचा क्रमही ठरलेला आहे, आतल्या खिडक्या आधी, मग पट्ट्यांमधल्या जागा, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची आधी कापली तर धरायला कागदच उरत नाही आणि नाजूक भाग फाटतो. कात्री जवळपास स्थिर ठेवायची आणि कागद फिरवायचा. नक्षी हवी असेल तर जाड भागांत बारीक चंद्रकोरी कापा, कागद जागेवर चिमटून हलका दुमडला की अर्धी कोर कापून पूर्ण मिळते, आणि बाहेरच्या कडेला करवतीसारखे दाते. कोर आणि दाते या दोन गोष्टींनीच कागदकामाला तो टिपिकल चिनी बाज येतो, बाकी काही शिकावं लागत नाही.

घडी मोडण्यासाठी दोन तास जाड पुस्तकात ठेवा. मग मागे ग्लू स्टिकचे पाच-सहा ठिपके, फक्त टोकांना आणि मध्ये. फेव्हिकॉल नको, पातळ कागद त्याने सुरकुततो. आणि हो, लग्नाच्या दुकानात मिळतं ते जुळं अक्षर, दोन सारखे भाग शेजारी शेजारी असलेलं, ते फक्त लग्नासाठी आहे, छान सिमेट्रिक आहे म्हणून न्यू इयरला लावलंत तर पाहुणे विचारतील लग्न कोणाचं.

कंदील

दोन कागद लागतात. लाल ए-फोर कागद लांबीत दुमडा म्हणजे जवळपास ३० बाय साडेदहा होईल. घडीच्या बाजूने दर दीड सेंमीवर काप द्या, समोरच्या कडेच्या २ सेंमी अलीकडे थांबा. उलगडा, आणि लांब बाजू गोल येईल अशी नळी करून दीड सेंमी एकावर एक चिकटवा. आता सोनेरी कार्डाची १८ सेंमी उंच नळी करा जी या लाल नळीच्या आत जेमतेम सरकेल. लाल नळी २१ सेंमी उंच, सोनेरी १८, त्यामुळे दोन्हींच्या वरच्या आणि खालच्या कडा जुळवून चिकटवल्या की लाल पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात आणि कंदील उंच तेवढाच रुंद, छान गोलसर होतो. फुगा कमी वाटला तर सोनेरी नळी अर्धा सेंमी कमी करा, पण त्याखाली जाऊ नका, पट्ट्या मधोमध मोडल्यासारख्या दिसायला लागतात.

दिवा लावायचा असेल तर एक अडचण येते, सोनेरी कार्डातून उजेड येत नाही. म्हणून नळी करण्याआधी त्या कार्डात कटरने मघाच्याच चंद्रकोरी कापा आणि मागून पिवळा बटर पेपर चिकटवा, आत बॅटरीची एलईडी माळ, पट्ट्यांमधून सोनेरी उजेड झिरपतो. मेणबत्ती किंवा पणती अजिबात नाही. खाली लाल धाग्याचा गोंडा बांधाच, आपल्या झिरमिळ्या दिसायला कितीही छान असल्या तरी हलक्या असतात आणि कॉरिडॉरच्या वाऱ्यात कंदील गरगर फिरतो, गोंड्याच्या वजनाने तो शांत राहतो.

कंदील जोडीने लावायचे, दोन, सहा, आठ, चार मात्र नाही कारण तो आकडा मृत्यूच्या शब्दासारखा ऐकू येतो. आपल्याकडे शुभ म्हणजे एकशेएक, वरचा तो एक रुपया टाकल्याशिवाय पाकीट बंद होत नाही, आणि इथे लाल पाकिटातली रक्कम सम हवी, तेव्हा पाकिटं भरायला आजीला बसवणार असाल तर आधी सांगून ठेवा.

दार, जिथे दोन्ही घरं भेटतात

चिनी दाराला दोन बाजूंना उभ्या लाल पट्ट्या आणि चौकटीवर एक आडवी पट्टी असते. नेमक्या त्याच जागी आपलं तोरण असतं. दोन्ही एकावर एक लावलं की काहीच दिसत नाही आणि झेंडूचा ओलावा कागदाचा रंग उतरवतो. त्यावर आमच्याकडे निघालेला मार्ग असा, बाहेरच्या चौकटीवर कागद आणि आतल्या बाजूला, घरात शिरल्यावर डोक्यावर येईल असं झेंडूचं तोरण. झेंडूचा रंग टेबलावरच्या मँडरिन संत्र्यांशी इतका मस्त जुळतो की वेगळी सोनेरी सजावट कमी करता येते. पांढरी शेवंती मात्र तोरणात ओवू नका, ती दुखवट्याची.

रांगोळी काढा पण जमिनीवर नको. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही म्हटल्यावर पायाने विस्कटलेली रांगोळी दिवसभर तशीच राहणार, त्यापेक्षा मोठ्या ताटात किंवा पाटावर काढा, कुंकू आणि हळदीच्या रंगात, मधलं डिझाइन खिडकीवरच्या कोरी-दात्यांचंच घ्या म्हणजे सगळं एका हातचं वाटेल. कंदील ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगा, कॉरिडॉर जायला-यायला मोकळा ठेवावाच लागतो.

हे सगळं चाप गो मे पर्यंत राहतं, म्हणजे पंधराव्या रात्रीपर्यंत. २०२६ ला ती पौर्णिमा आपल्या होळीच्या सुमारासच आली होती. पश्चिमेच्या खिडकीतला लाल रंग तोपर्यंत फिका पडलेला असतो, ती नक्षी जपण्यात अर्थ नाही. उतरवताना कोमट पाण्याचा फडका ठिपक्यांवर दोन मिनिटं धरा, ओढू नका, ग्लू स्टिक पाण्यानेच सुटते. कंदिलाच्या आतली माळ आणि बॅटरी काढून मगच डब्यात भरा, नाहीतर वर्षभरात बॅटरी गळून सोनेरी कार्ड खराब होतं.